वही मिटल्यावर ऐकलेलं वाक्य

अशोककाका आठल्ये अठ्ठावीस वर्षं झाशीतल्या एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर होते. दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या नीट करणं, मथळे देणं आणि चुका काढणं हे त्यांचं काम. मग एक दिवस कंपनीने इथलं डेस्क उठवून दुसऱ्या शहरात नेलं, आणि काकांना चौपन्नाव्या वर्षी घरी बसावं लागलं. काकू आधीच गेल्या होत्या. मुलगी रेवती ग्वाल्हेरला दिली होती. दतिया गेटजवळच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहायचे.

दोनेक वर्षांनी त्यांना नवीन काम सापडलं. शहरात कुणी नवीन दवाखाना काढला, शोरूम काढलं, शाळा काढली, की वर्तमानपत्रांना आणि पोर्टलांना द्यायचं सगळं साहित्य ते तयार करून द्यायचे. प्रेस किट. मी फोटोग्राफर. सीपरी बाजारात माझा छोटा स्टुडिओ आहे, बहुतेक कमाई लग्नांची. काकांच्या किटमधले फोटो माझे असायचे. आम्ही मिळून अशी चौदा-पंधरा किटं केली असतील.

त्यांच्यासारखं किट झाशीत दुसरं कुणी करत नव्हतं, हे मी लाडाने सांगत नाही. बाकीचे लोक एक रंगीत पीडीएफ पाठवायचे, तिच्यातून मजकूर उचलताच यायचा नाही. काका साध्या वर्ड फाईली द्यायचे, त्याही दोन प्रकारच्या. एक युनिकोडमध्ये, पोर्टलांसाठी, आणि एक कृतिदेव या जुन्या हिंदी फाँटमध्ये, कारण इथल्या दोन जुन्या छापखान्यांत अजून तेच चालतं. "रात्री नऊला पान सोडायचं असतं," ते म्हणायचे, "तेव्हा डेस्कवरचा माणूस फक्त एवढंच बघतो, की हे जसंच्या तसं चिकटवता येतं का. येत असेल तर छापतो. कुणी तपासत नाही, शर्वरी. मी अठ्ठावीस वर्षं त्या खुर्चीत होतो. म्हणून तपासायचं ते इथेच."

आणि ते खरंच तपासायचे. माहितीपत्रकात छत्तीस आसनं लिहायची असतील, तर स्वतः जाऊन खुर्च्या मोजायचे. 'पहिला', 'एकमेव' आणि 'सर्वोत्तम' हे तीन शब्द ते कुणाच्याही मजकुरातून काढून टाकायचे. उद्गारांचा, म्हणजे वार्ताहराला आयते उचलता येतील अशा वाक्यांचा, त्यांचा एक वेगळा कागद असायचा. एका बाजूला वाक्य, दुसऱ्या बाजूला बोलणाऱ्याचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात त्याची सही. सही नसेल तर वाक्य किटमध्ये जायचं नाही. एका डॉक्टरांची सही मिळेना म्हणून त्यांनी एकदा अख्खं किट तीन दिवस अडवून ठेवलं होतं.

मागल्या वर्षी डिसेंबरात अमोघ बेहेरे त्यांच्याकडे आला. बेहेऱ्यांचं घर झाशीतलं जुनं. कुणा पूर्वजाला पेशव्यांनी इकडे धाडलं होतं, ते इथलेच झाले. अमोघ पुण्याला सात वर्षं नोकरी करून परतला होता आणि सिव्हिल लाइन्समध्ये कॅफे काढत होता. नाव 'माजघर'. थालीपीठ, गुळपोळी, उकड आणि त्याबरोबर कॉफी.

"काका, मला मोठं करायचंय हे," तो म्हणाला. त्याचं मराठी दर दोन वाक्यांनी हिंदीत घसरायचं. "ग्वाल्हेर, लखनौ, सगळीकडे आलं पाहिजे. बस इतना समझ लीजिए."

उद्घाटन जानेवारीतल्या एका शनिवारी, सकाळी अकराला होतं. किट बुधवारी जायचं, वरती ठळक अक्षरांत 'शनिवारपूर्वी प्रसिद्ध करू नये' असं लिहून.

काकांनी नेहमीप्रमाणे सुरुवात माहितीपत्रकापासून केली. पत्ता, वेळा, आसनं, खास पदार्थ, संपर्कासाठी अमोघचा नंबर. 'माजघर' म्हणजे काय आणि तो शब्द कसा उच्चारायचा, याची एक ओळ त्यांनी मुद्दाम घातली, कारण हिंदीवाले त्याला 'मांजघर' करून टाकतील अशी त्यांना खात्री होती. मी दोन दिवस फोटो काढले. आडवे, उभे, छापायला मोठ्या आकाराचे आणि वेबसाठी छोटे. दर्शनी भाग, आतली बैठक, थालीपीठाचं ताट, अमोघचे चार. प्रत्येकाचा क्रमांक आणि ओळ वेगळ्या फाईलमध्ये.

अडलं ते संस्थापकाच्या परिचयावर. काकांनी तो नेहमीसारखा दोन लांबीत लिहिला होता, एक साठ शब्दांचा आणि एक तीनशेचा. शिक्षण, पुण्यातली नोकरी, परत यायचं कारण. अमोघने फोनवरच वाचला आणि म्हणाला, "काका, ये तो बायोडाटा है. यात गोष्ट नाहीये. लोक गोष्ट वाचतात."

"गोष्ट काय आहे मग?" काकांनी विचारलं.

"आई आहे ना! सगळी रेसिपी आईची. तुम्ही आईशी बोला."

म्हणून आम्ही दोघं बेहेऱ्यांच्या घरी गेलो. विद्याकाकूंना मी लहानपणापासून ओळखत होते, गणपतीतल्या हळदीकुंकवाला भेटायच्या. उंच, कमी बोलणाऱ्या. दत्तात्रेयकाका, त्यांचे यजमान, दुपारचे झोपले होते. चौऱ्याहत्तरीचे होते ते. पूर्वी एका पतपेढीत हेडक्लार्क होते. ती बुडाल्यावर काही वर्षं घरीच होते, नंतर एका शाळेच्या कचेरीत लागले. आवाज खणखणीत आणि राहणी कडक. आपल्या घरातल्या बाईने घराबाहेर कुणाची चाकरी केली नाही, हे ते अभिमानाने चारचौघांत सांगायचे.

काकूंनी काकांच्या प्रश्नांची उत्तरं बेताबेताने दिली. गुळपोळी सासूबाईंकडून शिकले. थालीपीठाची भाजणी घरीच करते. अमोघला लहानपणी उकड आवडायची. काका लिहीत होते. अर्ध्या तासाने त्यांनी वही मिटली, पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, "झालं वहिनी. त्रास दिला."

मग चहा आला. मी खिडकीपाशी काकूंचे हात टिपत होते, गुळपोळी लाटतानाचे. चेहरा नको, हात चालतील, असं त्या म्हणाल्या होत्या. काका चहा पिता पिता सहज बोलले, "कॅफेला पुरेल एवढा स्वयंपाक हाताला जमणं सोपं नाही. अंदाज कसा आला?"

काकूंनी आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि लाटणं चालूच ठेवून हलक्या आवाजात सांगितलं, "बबीन्याला आला. यांची पतपेढी बुडाली ना, तेव्हा चार वर्षं मी तिकडे लष्करी छावणीत साहेब लोकांच्या दोन घरी स्वयंपाक करायचे. इथे कुणी बघेल म्हणून तिकडे. सकाळच्या टेम्पोने जायचं, चारला परत. दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटल्या तेव्हा आमची चूल पेटली, अशोकभाऊ. ती भूक माहीत आहे. म्हणून माझ्या हातून कुणी अर्धपोटी उठत नाही."

काकांनी हातातला कप खाली ठेवला. मग काकूंनी विषय बदलला. माझ्या आईची तब्येत विचारली, आणि निघताना आम्हाला गुळपोळ्या बांधून दिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका माझ्या स्टुडिओत आले. हातात दोन कागद होते. "ऐक," म्हणाले आणि उभ्या उभ्याच वाचायला लागले. तीनशे शब्दांचा नवा परिचय होता. सुरुवात बबीन्याच्या टेम्पोपासून. मध्ये काकूंचं ते वाक्य, हिंदीत केलेलं. 'दूसरों के घर रोटियाँ बेलीं, तब हमारा चूल्हा जला.'

माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला. मी म्हटलं, "काका, हे छापतील. पहिल्या पानावर घेतील."

"हो ना?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुललेला मी पूर्वी पाहिला नव्हता. "किती वर्षांनी धड काही लिहिलं गं. दवाखान्याची आसनं मोजून मोजून हात गंजला होता."

त्यांनी वही मिटल्यानंतर काकू बोलल्या होत्या, हे मला आठवत होतं. त्यांनाही आठवत असणारच. मी बोलले नाही. उलट त्या मजकुरासोबत कुठला फोटो जाईल हे मीच सुचवलं. हातांचा. खाली ओळ: 'विद्या बेहेरे, संस्थापक की माताजी.'

सहीसाठी काका मंगळवारी बेहेऱ्यांकडे गेले, तर काकू भाचीच्या घरी समथरला गेलेल्या. मुलाचं बारसं होतं, शुक्रवारी परतणार होत्या. दत्तात्रेयकाका घरीच होते, पण त्यांना यातलं काही विचारायचा प्रश्नच नव्हता. काका उद्गारांचा कागद घेऊन अमोघकडे गेले.

"सही आईचीच लागेल," काका म्हणाले.

"काका, ती समथरला. मी फोनवर वाचून दाखवतो ना. उद्या तर पाठवायचंय."

"नीट वाच. शब्द न् शब्द."

"हां हां."

रात्री अमोघचा मेसेज आला: 'आई ओके.' काकांनी रकान्यात सहीच्या जागी लिहिलं, 'फोनवर संमती, अमोघमार्फत.' असं त्यांनी त्यापूर्वी कधी केलं नव्हतं. बुधवारी दुपारी किट गेलं. सहा वार्ताहरांना, चार पोर्टलांना आणि खाण्यापिण्याची पानं चालवणाऱ्या तीन मुलींना.

अमोघने फोनवर काय विचारलं होतं ते आम्हाला नंतर कळलं. त्याने विचारलं, "आई, पेपरात तुझं नाव आणि रेसिपीचं टाकलं तर चालेल ना?" बारशाच्या गोंधळात काकू म्हणाल्या, "टाक की." एवढंच. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आठ-नऊ वर्षांचा असताना शाळेला सुट्टी असली की आई त्याला बबीन्याला सोबत न्यायची. त्या बंगल्याच्या मागच्या पायरीवर बसून तो गृहपाठ करायचा. त्याला त्या दिवसांचा अभिमान होता. आणि बाबांना हे माहीत असणारच, असं तो धरून चालला होता. घरात कुणी कधी त्यावर बोललं नाही, म्हणून त्याने विचारलं नाही.

दत्तात्रेयकाकांना माहीत नव्हतं. काकूंनी त्यांना सांगितलं होतं की बबीन्याला साहेबांच्या बायकांचा शिवणवर्ग घेते. ते त्यांनी बावीस वर्षं खरं मानलं होतं. शिलाई मशीनसुद्धा त्यांनीच उसनवारी करून आणून दिलं होतं, 'वर्गाला उपयोगी पडेल' म्हणून.

दत्तात्रेयकाकांची एक सवय होती. रोज सकाळी सातला ते पडवीत बसून हिंदी पेपर मोठ्याने वाचायचे, आणि काकू आत काम करता करता ऐकायच्या. तशी चाळीस वर्षांची रीत. त्या शनिवारी त्यांना मुलाची बातमी कुठल्या पानावर आहे याची उत्सुकता होती. तिसऱ्या पानावर, वरच, मी काढलेला हातांचा फोटो होता. मथळा: 'मां ने दूसरों के घर रोटियां बेलीं, बेटे ने खोला कैफे.'

मथळा त्यांनी वाचला. पुढचं वाचायला सुरुवात केली. काकूंनी नंतर सांगितलं, की त्यांना वाटलं ते कुणा दुसऱ्याचं वाचतायत. नाव आलं तेव्हा आवाज बंद झाला. त्या बाहेर आल्या, तर ते पेपर मांडीवर ठेवून बसले होते. त्यांनी विचारलं, "कुणाच्या घरी?"



साडेआठला अमोघचा काकांना फोन आला. "काका, बाबा कुछ बोल नहीं रहे. आई रडतेय. म्हणते, मी येणार नाही." फीत काकू कापणार होत्या. किटातल्या कार्यक्रमपत्रिकेत तसं लिहिलंही होतं.

आम्ही कॅफेत पोहोचलो तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. वार्ताहर आले होते, कॅमेरे आले होते. एका मुलीने काकांना विचारलं, "सर, माताजी कहाँ हैं? उन्हीं की बाइट चाहिए."

"तबीयत ठीक नहीं है," काका म्हणाले.

"हम घर चले जाएँ? दो मिनट का काम है."

"नहीं." काकांचा आवाज चढला. मग हात जोडून हळू म्हणाले, "नहीं बेटा. मत जाइए."

फीत अमोघने कापली. टाळ्या झाल्या. थालीपीठं झपाट्याने संपली. काका कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. तासाभरात त्यांनी किटाची नवीन प्रत तयार केली. परिचय पुन्हा पहिला, तो बायोडाटासारखा. उद्गारांतून काकूंचं वाक्य काढलेलं, हातांचा फोटो काढलेला. वर लिहिलं: 'पूर्वी पाठवलेला मजकूर संबंधित व्यक्तीच्या संमतीविना गेला होता. कृपया तो वापरू नये आणि वेबवरून काढावा. चूक माझी आहे.' खाली नाव आणि फोन. तेराच्या तेरा जणांना पाठवून मग एकेकाला फोन लावायला बसले.

एका दैनिकाचा शहर वार्ताहर त्यांच्याच हाताखाली शिकलेला होता. तो म्हणाला, "अशोकजी, आप ही ने तो भेजा था. खंडन छाप दें क्या?"

खंडन छापायचं तर तेच वाक्य पुन्हा छापावं लागणार. आणि खंडन कशाचं करायचं? खोटं तर काहीच नव्हतं.

दोन पोर्टलांनी त्याच दिवशी बातमी काढली. एका मुलीने पोस्ट उडवली आणि वर माफी मागणारा निरोप पाठवला. बाकीच्यांकडून ती तोवर इतरांनी उचलली होती, शब्दशः, काकांनी मोजून दिलेल्या तीनशे शब्दांत. संध्याकाळपर्यंत कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या एका पानावर ती दिसली. वर वाजणारं संगीत आणि रडक्या चेहऱ्याचा इमोजी.

त्याच दिवशी दुपारी काका बेहेऱ्यांकडे गेले. मला म्हणाले, "तू नको येऊस." तरी मी गेले. फोटो माझाच होता.

दार काकूंनी उघडलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि पाणी आणलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

काकांनी खिशातून नव्या मजकुराचा कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. "वहिनी, हे आता सगळ्यांना पाठवलंय. तुमचं काढलं."

काकूंनी कागद उचलला, पाहिला आणि परत दिला. "काढून आता काय करायचं, अशोकभाऊ? वाचलं सगळ्यांनी. सकाळपासून सात फोन आले. सगळे कौतुकच करतायत. वन्सं म्हणाल्या, केवढं केलंस गं, आम्हाला सांगितलं नाहीस. कौतुकाला काय उत्तर द्यायचं ते मला कळेना."

"मी विचारायला हवं होतं. तुम्हाला. समोर बसून."

"हो," त्या म्हणाल्या. "मी मराठीत बोलले होते हो. तुमची वही मिटली होती. मला वाटलं, आपल्या घरातलं माणूस चहा पितंय."

काकांनी मान खाली घातली. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही ते रडले नाहीत. नुसते त्या कागदाच्या घड्या घालत राहिले, लहान, आणखी लहान.

"मला त्या कामाची लाज नाही," काकू म्हणाल्या. "हे लक्षात घ्या. चांगली माणसं होती ती. पण यांनी त्या चार वर्षांत एकदाही बाहेर मान खाली घातली नाही, कारण त्यांना माहीत नव्हतं. ते मी त्यांना दिलं होतं. आता ते गेलं."

आतून खोकल्याचा आवाज आला. त्या उठल्या. आम्हीही उठलो.

कॅफे चाललं. त्या बातमीमुळेच चाललं, हे नाकारता येत नाही. पहिले दोन महिने लोक यायचे आणि विचारायचे, "वो आंटी कौन-सी हैं?" अमोघ प्रत्येकाला सांगायचा की त्या घरी असतात. भाजणी आणि गुळपोळीचं सारण काकू घरून डब्यात घालून पाठवायच्या, पण कॅफेच्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला नाही. दत्तात्रेयकाकाही आले नाहीत. त्यांनी पेपर बंद केला. पेपरवाल्याला स्वतः दारात उभं राहून सांगितलं, की उद्यापासून टाकू नकोस.

आणि ते घरात जेवायचे, पण आधी विचारायचे. रोज नाही, अधूनमधून. पोळीचा घास हातात घेऊन विचारायचे, "किती माणसांचा असायचा स्वयंपाक?" किंवा, "ताट आत ठेवायचे का तुझं, की बाहेर?" एवढंच. काकू सांगायच्या. ते ऐकून जेवायला लागायचे. काकूंनी हे मला मार्चमध्ये माणिक चौकात भाजी घेताना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चार वर्षांचं आहे ना. एका दिवसात कसं संपेल त्यांचं विचारून."

मी विचारलं, "रागावलेत का ते?"

"रागावले असते तर मला जमलं असतं. एकदा रात्री उठून बसले. म्हणाले, मी घरी बसून होतो आणि तू टेम्पोत उभी. मी म्हटलं, बसायला मिळायचं हो कधी कधी."

त्यांनी भेंडी निवडून पिशवीत टाकली आणि मग मला म्हणाल्या, "यांचा एक फोटो काढून देशील? चांगला. पासपोर्टचा आहे तेवढाच आहे घरात." मी त्याच आठवड्यात गेले. दत्तात्रेयकाका इस्त्रीचा सदरा घालून पडवीत बसले होते, बरेच वाळले होते. मी तिपाई लावत असताना त्यांनी मला विचारलं, "हा कुठे देणार नाहीस ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी मेमरी कार्ड काढून त्यांच्यासमोर काकूंच्या हातात दिलं. फोटो मी तिथेच, त्यांच्या घरी बसून, छोट्या प्रिंटरवर काढून दिला.

अशोककाकांना त्यानंतर कामं पुष्कळ आली. 'माजघर'चं किट गाजलं होतं ना. एका दंतवैद्याने बोलावलं, एका कोचिंगवाल्याने बोलावलं. सगळ्यांना तसंच हवं होतं. 'वैसी वाली स्टोरी', असं ते म्हणायचे. काका दोन ठिकाणी गेले. दुसऱ्या ठिकाणी त्या कोचिंगवाल्याने स्वतःच्या वडिलांबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली, अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून. काका मध्येच उठले आणि म्हणाले, "मुझे मत बताइए." बाहेर आल्यावर ते माझ्या स्कूटरपाशी बराच वेळ उभे होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"माणूस बोलायला लागला की मला भीती वाटते, शर्वरी," ते म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं मला वाटायचं, आपल्याला फक्त दुसऱ्याच्या चुका दिसतात. चांगली गोष्ट आहे, असं वाटायचं. आता वाटतं, मला कधी स्वतःचं काही लिहायला मिळालं नाही, म्हणून तेवढे दिवस चूक झाली नाही."

मी म्हटलं, "चूक माझीही होती. मला दिसत होतं."

त्यांनी ते नाकारलं नाही, आणि मला त्यांचं ते बरं वाटलं. ते मला खोटं समजावत बसले नाहीत.

जिथे ती बातमी वेबवर अजून होती, त्या तीन ठिकाणांना काका दर सोमवारी पत्र लिहायचे, ती काढा म्हणून. मजकूर नेहमी तोच, तारीख नवी. जूनमध्ये एकाने काढली. दुसऱ्याकडून कधीच उत्तर आलं नाही. तिसरं पोर्टल मधल्या काळात बंद पडलं, तरी शोधलं की त्या बातमीची जुनी नक्कल अजून वर येते, सोबत काकूंचे हात.

ऑगस्टमध्ये रेवती येऊन त्यांना ग्वाल्हेरला घेऊन गेली. गुडघे दुखत होते, आणि एकटं राहणं खरंच अवघड झालं होतं. सामान बांधायला मी गेले होते. उद्गारांच्या कागदांची फाईल वर होती, सगळ्या किटांची, सगळ्या सह्यांची. त्यांनी ती रद्दीत घातली नाही, सोबतही घेतली नाही. मला म्हणाले, "तुझ्याकडे असू दे. लागली तर."

लागण्यासारखं काही नव्हतं त्यात. मी ती घेतली. गाडी सुटायला अवकाश होता, म्हणून आम्ही स्टेशनबाहेर उभ्याने चहा प्यायलो. काका त्या दिवशी फार कमी बोलले. रेवती नातवाचं काहीतरी सांगत होती, शाळेतलं, आणि ते ऐकत होते. मध्येच त्यांनी तिला थांबवून विचारलं, "हे त्याला चालेल का गं, तू मला सांगितलेलं?" रेवती हसली. तिला वाटलं बाबा थट्टा करतायत.